उंची विचारू नका, मोजा

स्पायरोमेट्री म्हणजे फुंकरीवरून फुप्फुसांची तपासणी; तिच्या यंत्रात रुग्णाने फुंकर मारण्याआधी काही माहिती भरावी लागते: वय, लिंग, उंची, वजन. वय कागदपत्रांवरून घेतलं जातं. वजनाचा काटा प्रत्येक ओपीडीत असतो, म्हणून वजन केलं जातं. उंची मात्र बहुतेक ठिकाणी विचारली जाते. “काका, उंची किती तुमची?” काका आठवून सांगतात. तो आकडा लग्नाच्या बायोडेटातला असतो, पोलीस भरतीला गेले होते तेव्हाचा असतो, किंवा थोरल्या भावापेक्षा दोन बोटं कमी अशा अंदाजाचा असतो. तो यंत्रात जातो, यंत्र त्यावर गणित करतं आणि रिपोर्टवर टक्केवारी छापून येते. त्या टक्केवारीवरून पुढे आजार आहे की नाही, किती आहे, हे ठरतं.

छातीच्या तपासण्यांच्या खोलीत मी बरीच वर्षं काम करते आहे. माझं म्हणणं असं की उंची तोंडी विचारून भरण्याची ही पद्धत बंद झाली पाहिजे, आणि उंची कशी मिळवली हे लिहिलेलं नसेल तर तो फुप्फुसांचा रिपोर्ट अपुरा मानला पाहिजे. असं का, हे समजायला ही उंची गणितात नेमकी कुठे शिरते ते पाहावं लागेल.

जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा म्हणजे एफईव्ही-१, आणि एका दमात बाहेर पडणारी एकूण हवा म्हणजे एफव्हीसी. यंत्र हे दोन्ही लिटरमध्ये मोजतं. पण नुसत्या लिटरला अर्थ नसतो. दोन लिटर हा आकडा पाच फुटांच्या सत्तरीतल्या बाईसाठी उत्तम आहे आणि सहा फुटांच्या तिशीतल्या माणसासाठी धोक्याचा आहे. म्हणून त्या वयाच्या, त्या लिंगाच्या, त्या उंचीच्या निरोगी माणसाची हवा साधारण किती असते हे सूत्राने काढतात आणि रुग्णाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतात. रिपोर्टवर ‘टक्के प्रेडिक्टेड’ म्हणून जे येतं ते हेच. भागाकारात वर असते ती रुग्णाची फुंकर, आणि खाली असते ती मुख्यतः त्याची उंची आणि वय.

श्वासाचा उंचीशी संबंध आहे हे लक्षात येऊन पावणेदोनशे वर्षं झाली. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी आपल्या स्पायरोमीटरवर दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावलं. उंची एक इंच वाढली की एका दमात निघणारी हवा सुमारे आठ घनइंचांनी वाढते, असा नियम त्यांनी मांडला. आजच्या मापात तो सेंटिमीटरमागे पन्नासेक मिलिलिटर इतका होतो. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली होती: वजनाचा असा सरळ संबंध लागत नाही. आजच्या सूत्रांतही वजन नाही. ते यंत्रात भरतात, पण अपेक्षित आकड्यावर त्याचा परिणाम होत नाही. काट्यावर काळजीने तोललेलं वजन या गणितात वापरलंच जात नाही, आणि सगळा भार पडतो तो तोंडी विचारलेल्या उंचीवर.

आता जगभर वापरली जाणारी सूत्रं ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ या गटाची आहेत. पहिली २०१२ सालची, आणि त्यानंतर वंशाचा रकाना काढून टाकलेली ‘जीएलआय ग्लोबल’. या सूत्रांत उंची घातांकासह येते. ग्लोबल सूत्रात पुरुषांच्या एफईव्ही-१ साठी हा घातांक सुमारे २.४६ आणि एफव्हीसीसाठी २.७३ आहे. बायकांसाठी तेच आकडे २.३९ आणि २.६२ आहेत. घातांकाचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. उंचीत एक टक्का चूक झाली, तर अपेक्षित हवेत अडीच टक्क्यांच्या आसपास चूक होते. पाच टक्के चूक झाली तर बारा-तेरा टक्के. शरीर सगळ्या बाजूंनी सारखंच वाढलं असतं तर घनफळाच्या हिशोबाने हा घातांक तीन असता. तो थोडा कमी भरतो, कारण फुप्फुसं धडात असतात आणि उंचीत पायही मोजले जातात.

हीच उंची दुसऱ्या एका सूत्रात जाते तेव्हा ती बरीच सौम्य वागते. केमोथेरपीची बरीचशी औषधं ‘प्रति चौरस मीटर इतके मिलिग्रॅम’ अशी लिहितात. तो चौरस मीटर म्हणजे शरीराचं पृष्ठफळ, डॉक्टरांच्या बोलण्यात बीएसए. त्वचेचं क्षेत्रफळ कुणी रुग्णागणिक मोजत बसत नाही, ते उंची आणि वजनावरून काढतात. न्यूयॉर्कच्या डेलाफील्ड आणि यूजीन ड्यूबॉय यांनी १९१६ साली हे सूत्र दिलं. त्यासाठी त्यांनी माणसांच्या अंगावर कागदाचे साचे चढवले, ते कापून सपाट केले आणि त्यांचं क्षेत्रफळ काढलं. अशी मोजलेली माणसं अवघी नऊ होती. त्यांच्या सूत्रात उंचीचा घातांक ०.७२५ आहे आणि वजनाचा ०.४२५. पुढे १९८७ मध्ये मोस्टेलर यांनी खिशातल्या कॅल्क्युलेटरवर जमेल असं सुटसुटीत रूप दिलं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोमधलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. वर्गमूळ म्हणजे घातांक अर्धा. उंचीतली पाच टक्के चूक इथे अडीच टक्क्यांची होते. फुप्फुसाच्या सूत्रात तीच पाच टक्के चूक बारा टक्क्यांच्या वर जाते.

बीएसए चूक दाबतं आणि फुप्फुसाचं सूत्र ती फुगवतं, हा फरक दवाखान्यात फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. उंची ही केस पेपरवरची एक नोंद, एकदा लिहिली की सगळीकडे तीच, असं धरून चालतात. केमोच्या वॉर्डात जिने काही बिघडलं नाही ती नोंद जशीच्या तशी छातीच्या विभागात येते आणि तिथे निदान फिरवते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. माणूस कल्पित आहे, पण चूक नेहमीची आहे. खडी फोडण्याच्या क्रशरवर वीस वर्षं काम केलेला, बावन्न वर्षांचा, ६८ किलोचा गृहस्थ. कोरडा खोकला, चढ चढताना दम. उंची विचारली तर म्हणाला, पाच फूट दहा इंच. लिहिणाऱ्याने लिहिलं ५.१०. दुसऱ्याने तो आकडा दशांशातले फूट समजून ३०.४८ ने गुणला आणि यंत्रात भरले १५५.४ सेंटिमीटर. खरी उंची १७७.८. बावीस सेंटिमीटर गेले आणि कुणाला कळलं नाही, कारण १५५ सेंटिमीटर उंचीची माणसं असतातच. आकडा वेडावाकडा दिसत नाही.

तो फुंकतो. एफव्हीसी येते २.६५ लिटर, एफईव्ही-१ येते २.२ लिटर. दोन्हींचं गुणोत्तर ०.८३, म्हणजे श्वासनलिकांत अडथळा नाही. त्याच्या खऱ्या उंचीला एफव्हीसी साधारण ४.४ लिटर अपेक्षित आहे. २.६५ म्हणजे त्याच्या साठ टक्के. गुणोत्तर चांगलं आणि एफव्हीसी साठ टक्के असं चित्र दिसलं की फुप्फुसं आकसल्याचा संशय घ्यायचा असतो. धुळीत आयुष्य काढलेल्या माणसात तो सिलिकोसिसकडे, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या रोगाकडे, बोट दाखवतो. स्पायरोमेट्रीवर तो पक्का होत नाही. त्यासाठी फुप्फुसांची एकूण क्षमता मोजावी लागते, फुप्फुसांतून रक्तात वायू किती शिरतो हे पाहणारी डीएलसीओ करावी लागते, छातीचा फोटो किंवा सीटी पाहावा लागतो. पण पुढे कुणाला पाठवायचं हे या पहिल्या कागदावर ठरतं.

चुकीच्या उंचीवर यंत्र काय म्हणतं ते पाहा. १५५.४ ला १७७.८ ने भागलं तर ०.८७४ येतात. त्याचा २.७३ वा घात सुमारे ०.६९. म्हणजे अपेक्षित एफव्हीसी ४.४ वरून ३.०५ लिटरवर उतरते आणि त्याचे २.६५ लिटर ८७ टक्के होतात. एफईव्ही-१ चंही तसंच: खऱ्या उंचीला ३.४ लिटर अपेक्षित, त्याच्या ६५ टक्के. चुकीच्या उंचीला अपेक्षा २.४४, आणि टक्केवारी ९०. रिपोर्टवर शेवटी छापून येतं: ‘नॉर्मल स्पायरोमेट्री’. माणूस परत क्रशरवर जातो. सिलिकोसिस हा भरपाई मिळण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून कायद्यात नमूद आहे. पण त्या भरपाईच्या वाटेवरचा पहिलाच कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देत उभा राहतो.

त्याच चुकीच्या नोंदीवर कुणी त्याचं पृष्ठफळ काढलं असतं तर? मोस्टेलरच्या सूत्राने खऱ्या उंचीला १.८३ चौरस मीटर, चुकीच्या उंचीला १.७१. फरक साडेसहा टक्के. चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम असं औषध असेल तर १३७ ऐवजी १२८ मिलिग्रॅम. हे चांगलं नाहीच, ज्या रुग्णाचा आजार बरा होण्याजोगा आहे त्याला कारण नसताना कमी औषध देणं मला मान्य नाही. ड्यूबॉयचं सूत्र वापरलं तर ही तूट नऊ टक्क्यांच्या वर जाते. तरी प्रत्येक सायकलआधी रक्ताची तपासणी होते, डोस पुन्हा पाहिला जातो, चूक पकडायला पुढे संधी असते. स्पायरोमेट्रीचा नॉर्मल रिपोर्ट मात्र फाइलमध्ये जातो. नॉर्मल रिपोर्ट पुन्हा उघडून कोण पाहतं?

आता दुसरं उदाहरण, जे मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. पहिल्यात चूक उघड होती. दुसऱ्यात उंची अगदी बरोबर मोजली आहे आणि तरीही ती डॉक्टरांना फसवते.

अडुसष्ट वर्षांच्या एक आजी. जन्मभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला. हाडं ठिसूळ होऊन पाठीचे मणके दबलेले, पाठीला पोक. त्यांना भिंतीशी उभं करून नीट मोजलं तर उंची भरते १४६ सेंटिमीटर. तरुणपणी त्या १५४ होत्या. मणके दबले म्हणून त्यांची फुप्फुसं काही लहान शरीरासाठी घडलेली नव्हती, ती १५४ सेंटिमीटरच्या बाईचीच आहेत. पाठ वाकल्याने छातीचा पिंजरा आवळला गेला आहे आणि त्यामुळे श्वास कमी भरतो आहे. आपल्याला शोधायचं आहे ते नेमकं हेच.

समजा त्यांची एफव्हीसी १.६४ लिटर आली आणि १५४ सेंटिमीटरला अपेक्षा २.३ लिटर आहे. ७१ टक्के. त्या वयालाही हे कमी आहे. १४६ सेंटिमीटर भरले तर अपेक्षा उतरते दोन लिटरवर आणि तेच १.६४ लिटर होतात ८२ टक्के. ठीक आहे असं वाटतं. ज्या वाकलेल्या पाठीमुळे श्वास कमी झाला, तिनेच उंचीही कमी केली. कमी उंचीने अपेक्षा कमी केली, आणि आजाराने स्वतःचा मागमूस पुसला.

याच आजींना स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो द्यायची असती तर हे आठ सेंटिमीटर जवळजवळ निरुपद्रवी ठरले असते. ४६ किलो वजनाला १४६ सेंटिमीटरवर पृष्ठफळ १.३७, १५४ वर १.४०. चौरस मीटरला ८० मिलिग्रॅमच्या हिशोबाने डोसात तीन मिलिग्रॅमचा फरक. एकच बाई, तेच आठ सेंटिमीटर.

अशा रुग्णांसाठी उपाय जुना आहे: दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. आपल्याकडे याला वाव म्हणतात, विहिरीची खोली वावांत सांगायची पद्धत होती. वय झालं, मणके दबले, पाठीचा क्षयरोग होऊन गेला, तरी हातांची हाडं आखडत नाहीत. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटी यांच्या २०१९ च्या संयुक्त मानकातही, सरळ उभं राहता न येणाऱ्यांसाठी हा पल्ला वापरावा असं म्हटलं आहे. पाठीचा कणा वाकडा असलेल्या मुलांसाठी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी घेता येते. एक सावधगिरी बाळगावी लागते. हातांचा पल्ला आणि उंची हुबेहूब सारखी नसतात. बऱ्याच जणांत, विशेषतः पुरुषांत, पल्ला उंचीपेक्षा थोडा जास्त भरतो. पल्ला तसाच उंचीच्या रकान्यात भरला तर अपेक्षा फुगते आणि चांगला माणूस आजारी दिसू लागतो. म्हणून त्याचं उंचीत रूपांतर आपल्या लोकांवरून काढलेल्या गुणोत्तराने करावं, आणि ते केलं हे रिपोर्टवर लिहावं.

मग प्रश्न येतो, सगळ्याच म्हाताऱ्या माणसांची तरुणपणची उंची का घेऊ नये? उंची तर सगळ्यांचीच उतरते. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या दीर्घ अभ्यासात तिशी ते सत्तरी या काळात पुरुष सरासरी तीन आणि बायका पाच सेंटिमीटर खुजी झालेली आढळली. पण सूत्रं ज्या निरोगी वृद्धांवरून बांधली, त्यांची उंचीही मोजण्याच्या दिवशीचीच होती. वयाबरोबर सर्वांची होते तेवढी घट सूत्राच्या आतच आलेली आहे. त्यामुळे पाठ सरळ असलेल्या सत्तरीच्या काकांनी विशीतली उंची सांगितली आणि आपण ती भरली, तर अपेक्षा विनाकारण वाढते. १६२ च्या जागी १६६ भरले की टक्केवारी पाच-सहाने घसरते, आणि ८२ चे ७७ होतात. पोक असलेल्या आजींसाठी वाव आणि पाठ सरळ असलेल्या काकांसाठी आजची मोजलेली उंची, हे दोन्ही एकाच तत्त्वाने ठरतं. सूत्राला तुमची उंची जाणून घ्यायची नसते, त्याला तुमच्या फुप्फुसांचा घडणीचा आकार हवा असतो. उंची त्याची जागा घेते. जिथे ती जागा घेऊ शकत नाही तिथे दुसरं माप घ्यावं लागतं, आणि हा निर्णय रुग्णाला समोर उभं करून पाहिल्याशिवाय घेता येत नाही. तोंडी विचारलेली उंची लिहून घेणारा माणूस मान वर करून पोक पाहतही नाही.

रिपोर्टवरून चूक ओळखता येते का? बऱ्याचदा येते. उंचीची चूक एफव्हीसी आणि एफईव्ही-१ या दोन्हींच्या टक्केवाऱ्या एकाच दिशेने ढकलते, पण त्यांच्या गुणोत्तराला जवळजवळ हात लावत नाही, कारण ते रुग्णाच्या फुंकरीतल्याच दोन आकड्यांमधलं नातं आहे. म्हणून सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांत कायमचा अडथळा येण्याचा आजार, आहे की नाही हे चुकीच्या उंचीनेही बहुधा कळतं. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यावरही गुणोत्तर ०.७ च्या खाली राहिलं की अडथळा आहे. चुकतं ते तीव्रतेचं पाऊल: एफईव्ही-१ ची टक्केवारी ८० च्या वर तर पहिली पायरी, ५० ते ७९ दुसरी, ३० ते ४९ तिसरी. ५२ टक्क्यांचा रुग्ण ४७ चा दिसला की तो एक पायरी खाली जातो, आणि आजार बळावला असं समजून उपचार बदलू शकतात. फुप्फुसं आकसण्याचे आजार मात्र एफव्हीसीच्या टक्केवारीवरच सापडतात किंवा सुटतात. तिथे उंची चुकली तर सगळंच चुकलं.

दुसरी खूण जुना रिपोर्ट शेजारी ठेवला की दिसते. लिटर तेवढेच आणि टक्केवारी मात्र पाच-दहाने हललेली असेल, तर फुप्फुसांकडे पाहण्याआधी दोन्ही कागदांवरची उंची पाहा. याची उलटी बाजू जास्त फसवी आहे. पाठ दरवर्षी थोडी वाकत गेली, उंची दरवर्षी नव्याने भरली, तर लिटर घसरत जातात आणि टक्केवारी स्थिर राहते. कागदावर रुग्ण आहे तसा असतो. म्हणून मोठ्या माणसांचा पाठपुरावा करताना मी आधी लिटर पाहते. वाढत्या मुलांत नेमकं उलट: त्यांची उंची प्रत्येक वेळी नव्याने मोजायलाच हवी. दम्याचं मूल सहा महिन्यांत तीन सेंटिमीटर वाढलं आणि उंची जुनीच ठेवली, तर अपेक्षा कमी राहते आणि मूल आहे त्यापेक्षा बरं दिसतं.

या सगळ्यावर एक आक्षेप जाणती माणसंच घेतात. ते म्हणतात, मुळात कोणतं सूत्र वापरायचं यावरच एकमत नाही. डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने भारतीय प्रौढांसाठी काढलेली सूत्रं, उत्तर आणि दक्षिण भारतातली वेगवेगळी सूत्रं, आणि आता ग्लोबल, यांच्यात दहा-दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. बीएसए तर नऊ माणसांवरून आलेलं आहे. असं असताना दोन सेंटिमीटरसाठी एवढा आग्रह कशाला? आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. पण सूत्राचा फरक सगळ्या रुग्णांना सारखा लागू होतो. तो कागदावर छापलेला असतो, आणि डॉक्टर त्याला हिशोबात धरू शकतात. उंचीची चूक प्रत्येक रुग्णात वेगळी, वेगळ्या दिशेची आणि अदृश्य असते. पुरुष दोन सेंटिमीटर वाढवून सांगतात, म्हाताऱ्या माणसांना जुनी उंची आठवते, फूट-इंचाचं दशांशात रूपांतर करताना वीस सेंटिमीटर गळतात. ही चूक सूत्र सुधारून जात नाही. सूत्रांवर परिषदा होतात, आणि उंची मात्र अजून दारातूनच विचारली जाते.

दुसरा आक्षेप वेळेचा. शिबिरात शंभर माणसं रांगेत, प्रत्येकाला भिंतीशी कुठे उभं करणार? मी स्वतः हे करते, त्याला मिनिटभर लागतो. चपला-बूट काढायचे, अंबाडा किंवा फेटा असेल तर सोडायला सांगायचं, टाचा जुळवून भिंतीला टेकवायच्या, डोळ्याच्या खोबणीची खालची कडा आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत येईल अशी मान धरायची, खोल श्वास घ्यायला सांगायचा आणि डोक्यावर सपाट फळी टेकवून सेंटिमीटरमध्ये, एका दशांशापर्यंत वाचायचं. एक स्पायरोमेट्री नीट करायला पंधरा-वीस मिनिटं जातात. फुंकर तीनदा जुळेपर्यंत आपण रुग्णाला दमवतो, आणि तिला ज्या आकड्याने भागायचं त्यासाठी मिनिट काढत नाही. शिबिरात तेवढाही वेळ नसेल, तर तिथल्या टक्केवारीवर कुणाला नोकरीस योग्य किंवा अयोग्य ठरवू नये.

पट्टीही तपासावी लागते. भिंतीवर चिकटवलेली कागदी किंवा कापडी पट्टी सहसा फरशीच्या कडेच्या स्कर्टिंगवरून सुरू केलेली असते, किंवा रंगकाम झाल्यावर अंदाजाने परत लावलेली असते. शंभर सेंटिमीटरची लोखंडी पट्टी उभी धरून पाहिली की तीन-चार सेंटिमीटरची तफावत लगेच दिसते. स्पायरोमीटरचं कॅलिब्रेशन रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने होतं आणि त्याची वही ठेवली जाते. भिंतीवरच्या पट्टीची वही मी कुठेही पाहिलेली नाही. ती असावी, आणि तपासणी केंद्रांना मान्यता देणाऱ्यांनी ती मागावी.

रिपोर्टवर हवा आहे तो एक जास्तीचा शब्द. उंचीच्या आकड्यापुढे ‘मोजली’, ‘हातांच्या पल्ल्यावरून’ किंवा ‘सांगितली’ असं लिहावं. ‘सांगितली’ असेल तर टक्केवारीच्या आधारे निष्कर्ष छापू नये, फक्त लिटर आणि गुणोत्तर द्यावं. फूट-इंचाचा रकाना यंत्रातून बंदच करावा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एकक बदलून कायमचं सेंटिमीटर ठेवता येतं, आणि ५.१० ची चूक तिथेच थांबते.

रुग्णांना आणि त्यांच्या मुलांना सांगायचं ते एवढंच. पीएफटीचा, म्हणजे फुप्फुसांच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की वरच्या कोपऱ्यात उंची सेंटिमीटरमध्ये छापलेली असते. ती तुमची आहे का ते पाहा. पाच फूट म्हणजे १५२.४, साडेपाच फूट म्हणजे १६७.६. आकडा पटत नसेल तर तपासणी केंद्रात परत जा आणि चपला काढून मोजायला लावा. पुन्हा फुंकावं लागत नाही. फुंकर लिटरमध्ये यंत्रात साठवलेली असते, उंची दुरुस्त केली की अपेक्षित आकडे नव्याने निघतात आणि दुरुस्त रिपोर्ट त्याच दिवशी मिळू शकतो.